अठरा कॉलम उभे असताना एका पट्टीवर भरवसा कशाला?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण गावात सध्या एक बांधकाम चालू आहे आणि त्यातली एक गोष्ट पुढच्या आठ-दहा दिवसांतच होऊ शकते. नंतर कितीही पैसे ओतले तरी ती तशी होणार नाही. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

गेल्या जूनमध्ये तालुक्यातल्या एका शाळेवर वीज पडली. रविवार होता म्हणून मी आज ही पोस्ट लिहितोय. सोमवार असता तर वेगळी बातमी लिहावी लागली असती. दोन मजली इमारत, बांधून पुरती सात वर्षंही झाली नव्हती. कोपऱ्यातल्या कॉलमचा काँक्रीटचा टवका उडून खाली व्हरांड्यात पडला होता. जिथे पोरं चपला काढून ठेवतात तिथे. कॉम्प्युटरच्या खोलीतलं सगळं जळालं. आणि गंमत बघा, गच्चीवर लाइटनिंग अरेस्टर ताठ मानेनं उभा होता. त्याला काही झालं नव्हतं.

मी बातमी केली, "शाळेवर वीज कोसळली, सुदैवाने जीवितहानी नाही". सगळ्यांनी केली. दुसऱ्या दिवशी मात्र आमच्या ओळखीचे एक निवृत्त इलेक्ट्रिकल सुपरवायझर भेटले. गाव त्यांना अण्णा म्हणतं. ते म्हणाले, "सुदैव लिहिलंस ते ठीक. पण दुर्दैव कुठं गाडलंय ते बघायचं असेल तर कुदळ घेऊन चल."

गेलो. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि अरेस्टरची पट्टी भिंतीवरून खाली जिथे जमिनीत शिरते तिथे खणलं. वर पट्टी रंगवलेली, चकाचक. जमिनीच्या खाली चार बोटांवर तीच पट्टी सुतळीएवढी उरली होती. अण्णांनी दोन बोटांत धरून हलवली, तुटली. पुढे कोळसा-मिठाच्या खड्ड्यातला जीआय पाइप काढला. त्याला खालच्या बाजूला भोकं पडली होती आणि मातीचा रंग विटेसारखा झाला होता.

शाळेच्या रजिस्टरमध्ये त्याच अर्थिंगची तपासणी नोंद होती. सव्वा ओहम. म्हणजे कागदावर एक नंबर!

हे कसं काय, असं मी अण्णांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते नीट समजून घ्या, कारण सगळ्या सरकारी तपासण्यांची मेख इथेच आहे. अर्थ टेस्टर जमिनीत अगदी थोडा करंट सोडतो, मिलिअँपिअरमधला. तेवढा करंट सुतळीएवढ्या पट्टीतून आरामात जातो. विजेचा करंट असतो हजारो अँपिअरचा. साधारण विजेत तीस हजार अँपिअर धरतात, मोठ्या विजेत लाखाच्या वर जातो. दुसरी गोष्ट, मोजताना पट्टीतली टेस्ट लिंक उघडायची असते, म्हणजे तो एक पाइप बाकी इमारतीपासून सुटा होतो. ती लिंक उघडलीच नाही तर मीटर त्या पाइपाचं नाही, त्याला जोडलेल्या सगळ्या अर्थिंगचं मिळून रीडिंग दाखवतो. पाइप सडून गेला तरी आकडा छान येतो. तिसरी गोष्ट, नोंद होती ऑगस्टची. आपली काळी माती ऑगस्टमध्ये चिंब असते. एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते आणि पाइपापासून सुटते. वळवाच्या पहिल्या विजा नेमक्या तेव्हाच पडतात. मोजायचं तर मे महिन्यात मोजा की!

आता मूळ मुद्दा. कोपऱ्यातल्या कॉलमचा टवका का उडाला? पट्टी तर भिंतीवर होती, कॉलमच्या आत नव्हती.

अण्णांनी उडालेल्या जागेकडे बोट दाखवलं. आतली सळई उघडी पडली होती. म्हणाले, "वीज शेवटी सळईतच गेली बघ. आपण तिला दार ठेवलं नाही, म्हणून तिनं भिंत फोडली."

मंडळी, माझा सगळा वाद या एका वाक्यात आहे. थोडा हिशेब करू.

गच्चीपासून जमिनीपर्यंत आठ मीटरची एकच पट्टी आहे असं धरा. विजेचा करंट एखाद्या मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, शिखरावर जाऊ शकतो. करंट इतक्या झटक्यात वाढतो तेव्हा सरळ पट्टीसुद्धा त्याला अडवते. तांब्याची असो की लोखंडाची, त्यानं फारसा फरक पडत नाही. तीस हजार अँपिअर एका मायक्रोसेकंदात चढला तर आठ मीटर पट्टीच्या दोन टोकांत साधारण दोन लाख चाळीस हजार व्होल्टचा फरक पडतो. खाली अर्थिंग अगदी चांगलं, दहा ओहमचं असलं, तरी तिथे आणखी तीन लाख व्होल्ट. शेजारी हातभर अंतरावर कॉलममधली सळई, खिडकीचं ग्रिल, वायरिंगचा पाइप. इतक्या दाबाला मधली वीट किंवा काँक्रीट काय अडवणार? वीज उडी मारते. काँक्रीटमधला ओलावा क्षणात वाफ होतो आणि टवका तोफेसारखा सुटतो. आपल्या शाळेत तर खाली पट्टी जवळपास तुटलेलीच होती, म्हणजे उडी मारण्यावाचून विजेला दुसरा रस्ताच नव्हता.

आता त्याच इमारतीत अठरा कॉलम आहेत. प्रत्येकात सहा-आठ सळया, फूटिंगपासून गच्चीपर्यंत. वरून वीज या सगळ्या सळयांना एकदम दिली तर तीस हजार अँपिअर अठरा ठिकाणी वाटला जातो. वाटणी समान होत नाही, वीज पडली तिथल्या जवळच्या कॉलमांवर जास्त येतो. पण हिशेबापुरतं समान धरलं तर एका कॉलमवर सतराशे अँपिअरच्या आत. दोन लाख चाळीस हजारांचे तेरा-चौदा हजार व्होल्ट होतात. शिवाय सगळ्या बाजूंनी लोखंडाचा पिंजरा असल्यामुळे आतल्या खोलीत फरक आणखी कमी. उडी मारायला कारणच उरत नाही.

"सळईतून वीज गेली तर बिल्डिंग तडकेल हो!" हे मला एका ठेकेदारानं सांगितलं, एका साइट इंजिनिअरनंही सांगितलं. उलटं आहे साहेब. सळया एकमेकींना धरून असतील तर त्यातून वीज गेल्यानं काँक्रीटला काही होत नाही. तडकतं ते वीज काँक्रीट फोडून सळईपर्यंत जाते तेव्हा, म्हणजे वर जोड दिलेला नसतो तेव्हा. भारतानं स्वीकारलेलं आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक सळईला डाउन कंडक्टर म्हणून स्पष्ट मान्यता देतं. अट इतकीच की उभ्या-आडव्या सळयांचे बहुतांश जोड वेल्ड, क्लॅम्प किंवा पक्के बांधलेले असावेत, आणि उभ्या सळयांचा लॅप जाडीच्या निदान वीस पट असावा. आता बघा, सोळा एमएमच्या सळईला वीस पट म्हणजे ३२ सेंटिमीटर. आपला मिस्त्री मजबुतीसाठी चाळीस-पन्नास पट लॅप एरवीच देतो. म्हणजे बहुतांश काम फुकटात होऊन बसलंय. फक्त वरचा आणि खालचा जोड द्यायचा राहतो, आणि तो आम्ही देत नाही!

फूटिंगचंही तसंच. ओल्या मातीत बसलेलं काँक्रीट ओलावा धरून ठेवतं आणि वीज वाहतं. त्यातलं लोखंड म्हणजे आयतं अर्थिंग. हे काही आजचं शास्त्र नाही. दुसऱ्या महायुद्धात हर्बर्ट उफर नावाच्या इंजिनिअरनं अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलखात दारूगोळ्याच्या कोठारांना पायातल्या सळयांचंच अर्थिंग दिलं. वर्षानुवर्षं मोजलं तरी ते दोन ते पाच ओहमच्या आसपास राहिलं. मीठ नाही, कोळसा नाही, रोज बादलीभर पाणी ओतायला शिपाई नाही. वाळवंटातली कोठारं फूटिंगवर राहिली, आणि आमच्या काळ्या मातीतल्या शाळा मिठाच्या गोणीवर.

आता कोणी म्हणेल, लोखंडाचा पाइप सात वर्षांत सडतो तर फूटिंगमधलं लोखंड का नाही सडणार? प्रश्न बरोबर आहे. चांगल्या काँक्रीटमध्ये सिमेंटचा क्षार इतका तीव्र असतो की सळईवर एक पातळ संरक्षक थर बसतो आणि गंज धरत नाही. थेट मातीत पुरलेल्या लोखंडाला हे कवच नसतं. म्हणून फूटिंगमधल्या सळईवर सगळीकडून निदान पाच सेंटिमीटर काँक्रीट हवं. सळई मातीला टेकली किंवा बाहेर डोकावली की कवच संपलं. सळईखाली कव्हर ब्लॉक ठेवलेत का, हे बघायला डिग्री लागत नाही. वाकून बघावं लागतं.

मग गंज नेमका कुठं लागतो? अण्णांनी तीन जागा दाखवल्या. तिन्ही लक्षात ठेवा, आपापल्या घराच्या अर्थिंगलाही उपयोगी पडतील.

पहिली जागा, जमिनीची रेघ. पट्टी हवेतून मातीत शिरते तिथला फूटभर वर आणि फूटभर खालचा तुकडा. वरच्या मातीत हवा जास्त, खालच्या मातीत कमी. या फरकामुळे एकाच पट्टीत बॅटरीसारखा खेळ सुरू होतो आणि जिथे हवा कमी तो भाग झिजतो. आपली पट्टी तिथेच सुतळी झाली होती. वरून रंग दिला की साहेबांना दिसतं, खाली गुंडाळायची डांबरी टेप कुणाला दिसत नाही. म्हणून रंग दिला जातो, टेप नाही.

दुसरी जागा, कोळसा-मिठाचा खड्डा. मीठ ओहम कमी करतं हे खरं, पण तेच मीठ जस्त आणि लोखंड खातं. पावसानं मीठ वाहून जातं, ओहम परत वर जातो, सडलेला पाइप मागे राहतो. कोळशाचा तुकडा लोखंडाला चिकटून ओल्या मातीत बसला की तो बॅटरीचं एक टोक होतो आणि लोखंड दुसरं. झिजतं लोखंड.

तिसरी जागा फसवी आहे, आणि माझी ही पोस्ट वाचून कोणी अर्धवट काम केलं तर पाप मला लागेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. "सळई जोडा" म्हटल्यावर ठेकेदार काय करील? जुनाच जीआय पाइप मातीत ठेवील आणि त्याची पट्टी नेऊन सळईला जोडील. दोन्ही झालं, म्हणून खूश. पण काँक्रीटमधलं लोखंड मातीतल्या लोखंडासारखं वागत नाही, ते जवळजवळ तांब्यासारखं वागतं. काँक्रीटमधली सळई आणि मातीतलं जस्त यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या वर फरक असतो. दोन्ही तारेनं जोडले, मधे ओली माती, की झाली बॅटरी. एका बाजूला अख्ख्या फूटिंगचं लोखंड, दुसऱ्या बाजूला एकटा पाइप. सगळी झीज त्या एकट्यावर.

आकड्यात सांगतो. एक मिलिअँपिअरचा करंट वर्षभर वाहिला तर साधारण दहा-अकरा ग्रॅम जस्त विरघळतं. तीन मीटर लांब, दीड इंची पाइपावर बाहेरून सगळं मिळून दीडशे ग्रॅमच्या आसपास जस्त असतं. अशा जोडणीतून दहा मिलिअँपिअर जरी वाहिला, तरी दीड वर्षात जस्त साफ, मग लोखंडाला भोकं. विजेचं बिल येत नाही, आवाज येत नाही, काही दिसत नाही. पाइप जमिनीखाली गुपचूप संपतो. सळईला जोडायचं असेल तर बाहेरचा इलेक्ट्रोड स्टेनलेस स्टीलचा किंवा तांब्याचा हवा, जीआय नको. फूटिंगमधून मातीत येणारी जोडपट्टीही तशीच हवी. आणि तांबं-लोखंड यांचा जोड नुसता नटबोल्ट मारून मातीत पुरायचा नाही, तो तपासता येईल असा जमिनीच्या वर ठेवायचा.

आता गावातल्या कामाकडे येतो.

आपल्या गावात मुलींच्या वसतिगृहाचं काम चालू आहे. फूटिंग भरून झालेत, कॉलमच्या सळया उभ्या आहेत, प्लिंथ बीमची सळई बांधणं चालू आहे. अंदाजपत्रकात काय आहे ते मी बघितलं. "लाइटनिंग अरेस्टर, एक नग" आणि "अर्थ पिट, जीआय पाइप, कोळसा व मिठासह". म्हणजे शाळेचीच नक्कल! फक्त या वेळी अरेस्टर छत्रीच्या आकाराचा आहे आणि माहितीपत्रकात लिहिलंय की शंभर मीटर त्रिज्येत संरक्षण. संबंधित साहेबांना विचारलं तर म्हणाले, "भारीतला घेतलाय, काळजी करू नका."

साहेब, काळजी त्याचीच वाटते. वर सांगितलेल्या मानकात अरेस्टरचं संरक्षण त्याच्या धातूच्या खऱ्या मापावर मोजतात, माहितीपत्रकावर नाही. छत्री असो की साधा रॉड, उंची तेवढीच तर संरक्षण तेवढंच. आणि कितीही भारीतली छत्री लावली तरी तिनं घेतलेली वीज खाली एका पट्टीतून, एका मिठाच्या खड्ड्यात जाणार असेल, तर शाळेत झालं तेच होणार. फरक इतकाच की वसतिगृह रविवारी रिकामं नसतं, आणि रात्री तर नसतंच.

मागणी सोपी आहे. काँक्रीट पडायच्या आत ठरलेल्या कॉलमांमध्ये, दहा-पंधरा मीटरला एक आणि चारही कोपरे धरून, एक जादा दहा एमएमची साधी सळई उभी करा. ती मजबुतीच्या हिशेबात धरू नका, नुसती विजेसाठी. खाली फूटिंगमधून वर आलेल्या सळयांना आणि प्लिंथ बीमच्या सळईला ती क्लॅम्पनं जोडा, प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला जोडा, गच्चीवर कठड्यापर्यंत आणून तिथे तिचं टोक बाहेर ठेवा. मुख्य टीएमटी सळईवर वेल्डिंग करायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी परवानगी घ्या, नाहीतर क्लॅम्पच वापरा. गच्चीवर कठड्यावरून फिरवलेली पट्टी त्या सगळ्या टोकांना जोडा. खर्च सळईचे तुकडे, क्लॅम्प आणि दोन-तीन दिवसांची मजुरी. छत्रीचे पैसे वाचतील ते वेगळे, त्यातून मुख्य बोर्डावर एसपीडी, म्हणजे झटका अडवणारं यंत्र बसवा. कारण सळया इमारत वाचवतात, पण वायरनं आत येणारा झटका त्या अडवत नाहीत.

आणि काम झाल्यावर फोटोवर भागवू नका. गच्चीवरच्या टोकापासून जमिनीजवळच्या टोकापर्यंत मोजा. मानक सांगतं ०.२ ओहमच्या आत. मोजायला दहा अँपिअर सोडणारा मीटर लागतो, वायरमनच्या खिशातला मल्टिमीटर नाही. आकडा, तारीख आणि मोजणाऱ्याची सही वसतिगृहाच्या भिंतीवर लावा.

हे सगळं काँक्रीट पडायच्या आतच का, ते आता लक्षात आलं असेल. एकदा प्लिंथ बीम भरला की खालचा जोड गाडला जातो. मग काँक्रीट फोडून सळई शोधावी लागते, आणि तेव्हा साहेब म्हणतील की आता अंदाजपत्रकात तरतूद नाही.

एक सावधगिरी. यातून इमारत आणि आतली माणसं वाचतात. अंगणात, झाडाखाली, शेतात उभ्या माणसाला याचा उपयोग नाही. तिथे दामिनी ॲप बघा आणि आभाळ गडगडलं की पक्क्या छपराखाली जा. म्हणूनच तर ते छप्पर खरोखर पक्कं हवं.

मी उद्या सकाळी अकरा वाजता संबंधित कार्यालयात लेखी अर्ज देणार आहे. अण्णा सोबत येतायत, शाळेतून काढलेला तो सडका पाइप घेऊन. साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहोत. ज्यांच्या लेकी त्या वसतिगृहात राहणार आहेत त्यांनी यावं. आणि बांधकामावर जे मिस्त्री, सेंट्रिंगवाले, फिटर दादा ही पोस्ट वाचत असतील त्यांना हात जोडून सांगणं, ती एक सळई तुमच्या हातात आहे. कॉलमची पेटी बंद करायच्या आधी एकदा विचारा, "साहेब, विजेची सळई कुठंय?"

उत्तर काय मिळालं ते कमेंटमध्ये लिहा. मी छापतो.